भाकरी थापेपर्यंत मोकळा राहिलेला तवा

«नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात रोज दहा-बारा ज्वारीच्या भाकरी लागतात. दिवाळीत नॉनस्टिक तवा घेतला आणि चिकटत नाही म्हणून तेव्हापासून भाकरी त्यावरच करते, मोठ्या आचेवर. आठ महिन्यांतच तव्याच्या मधोमध पांढुरका डाग पडलाय आणि आता धिरडंसुद्धा चिकटतं. दुकानदार म्हणाला होता, ग्रॅनाइटचा आहे, कितीही तापवा. परवा फोनवर बोलताना तवा गॅसवर तसाच राहिला आणि उग्र वास सुटला. स्वयंपाकघराच्या खिडकीत लवबर्डची जोडी आहे. शेजारच्या काकू म्हणतात, त्या वासानं पक्षी मरतात. खरं आहे का? तवा किती तापवावा आणि हा तवा ठेवावा की टाकावा?»
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, पुढचे सविस्तर वाचण्याआधी एक काम करा. पिंजरा स्वयंपाकघरातून हलवून अशा खोलीत ठेवा, जिची खिडकी वेगळी आहे आणि जिच्याकडे स्वयंपाकघरातली हवा थेट जात नाही. तुमच्या शेजारच्या काकूंचे म्हणणे खरे आहे. नॉनस्टिक भांडे मर्यादेबाहेर तापले की त्यातून निघणाऱ्या वायूंनी पाळीव पक्षी दगावतात, हे पशुवैद्यकांना अनेक वर्षांपासून माहीत आहे, आणि लवबर्ड व बजरीगर यांच्यासारख्या लहान पक्ष्यांच्या बाबतीत हे काही मिनिटांत घडू शकते. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा आपल्यासारखी आत-बाहेर न करता एकाच दिशेने वाहत राहते आणि त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे श्वासातला बराच मोठा भाग रक्तापर्यंत पोहोचतो. उंच उडताना उपयोगी पडणारी ही सोय विषारी हवेत त्याच्या जिवावर बेतते. परवाच्या वासानंतरही तुमची जोडी सुखरूप आहे, याचे कारण बहुधा उघडी खिडकी असावे. त्या नशिबावर पुन्हा विसंबू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पिंजरा गॅलरीत ठेवायचा झाल्यास तिथे दुपारचे ऊन येत नाही ना, तेवढे पाहा. पुढे कधी असा वास आल्यावर पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला, शेपटी हलवत श्वास घेऊ लागला किंवा दांडीवरून खाली बसला, तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या आणि वेळ न घालवता पशुवैद्यकांना दाखवा.

आता तव्याकडे वळू. नॉनस्टिक भांड्यावरचा काळा किंवा करडा थर बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो. बाजारात त्याला टेफ्लॉन म्हणतात, जरी ते मुळात एका कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव आहे. हा पदार्थ दीर्घकाळ सोसू शकेल अशी तापमानाची मर्यादा २६० अंश सेल्सिअस मानली जाते. त्याच्या वर गेल्यावर थर हळूहळू खराब होऊ लागतो, ३२७ अंशांना तो वितळतो आणि ३५० च्या पुढे त्याचे रेणू वेगाने तुटून विषारी वायू बाहेर पडू लागतात. पक्ष्यांसाठी घातक ठरण्याइतका वायू त्याआधीच, म्हणजे २८० अंशांच्या आसपासही निघू शकतो, म्हणून माणसाला वास येण्याची वाट पाहणे उपयोगाचे नाही. वितळणे हा शब्द वाचून तुमच्या मनात लोण्यासारखे वाहणारे काही आले असेल, तर तसे घडत नाही. पीटीएफई वितळले तरी वाहत नाही, जागच्या जागी घट्ट जेलसारखे मऊ होते. डोळ्यांना तवा नेहमीसारखाच दिसतो, आणि अशा वेळी त्यावर उलथण्याची कड घासली तर मऊ पडलेला थर तिच्याबरोबर खरवडून निघतो. आपल्याला वाटते उलथण्याने थर गेला, पण त्याआधी तो तापून सैल झालेला असतो.

दुकानदाराने ज्याला ग्रॅनाइट म्हटले, त्यात दगड नसतो. ठिपक्याठिपक्यांच्या रंगामुळे ते नाव पडले आहे आणि अशा बहुसंख्य भांड्यांचा थर आतून पीटीएफईचाच असतो. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे काही थर मात्र खरोखर वेगळे, सिलिकावर आधारलेले असतात. ते अधिक तापमान सोसतात आणि त्यांतून हे वायू निघत नाहीत, पण त्यांचा न चिकटण्याचा गुण पीटीएफईपेक्षा लवकर संपतो. तुमच्या तव्याच्या खोक्यावर पीटीएफई असे लिहिलेले असेल किंवा काहीच लिहिलेले नसेल, तर २६० अंशांची मर्यादा त्याला लागू आहे असे धरून चला.

तर मग दररोज भाकरी करताना ही मर्यादा ओलांडली जाते का? मला वाटते, तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे, म्हणून हा हिशेब जरा सावकाश मांडतो. घरातला साधारण २८ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा तवा दांडा सोडून अर्धा किलोच्या आसपास भरतो. अर्धा किलो ॲल्युमिनियम १ अंशाने तापवायला सुमारे ४५० ज्यूल ऊर्जा लागते. खोलीतले तापमान ३५ धरले, तर तिथून २६० पर्यंत पोहोचायला २२५ अंश चढायचे आहेत, म्हणजे एकूण साधारण १०० किलोज्यूल. शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडल्यावर दोन किलोवॉटपेक्षा थोडी जास्त उष्णता देतो. त्यातली निम्मी बाजूने हवेत निघून जाते असे धरले, तरी सेकंदाला एक किलोज्यूलच्या वर उष्णता तव्यात शिरते. हिशेबाने दीड मिनिट लागते. तवा तापत जाईल तशी त्याच्याकडून हवेत जाणारी उष्णता वाढते, म्हणून प्रत्यक्षात दोन मिनिटे किंवा थोडे अधिक धरावे. थंड तवा मोकळा ठेवून मोठी आच केली की मर्यादा गाठायला एवढाच वेळ पुरतो. मध्यभाग, जिथे ज्योत थेट लागते, तिथे तर कडेपेक्षा कितीतरी आधी पोहोचतो. तुमचा डाग मधोमध पडला, याचे मुख्य कारण मला हेच दिसते.

पण खरे नुकसान पहिल्या तापवण्यात होत नसून दोन भाकरींच्या मध्ये होते. भाकरी तव्यावर असते तेव्हा तवा सुरक्षित असतो, कारण ओल्या पिठातले आणि वरून हाताने फिरवलेले पाणी वाफ होताना प्रचंड उष्णता घेऊन जाते. एका भाकरीतून २५ ग्रॅम पाणी उडून गेले असे मानले, तर त्या वाफेने पन्नासहून अधिक किलोज्यूल उचललेले असतात, म्हणजे थंड तवा मर्यादेपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या निम्म्याहून अधिक. ओली भाकरी तव्यावर असताना जणू ब्रेकचे काम करते. आता पुढचा क्षण डोळ्यांसमोर आणा. भाकरी पलटली, दुसरी बाजू भाजली, चिमट्याने उचलून फुगवायला शेजारच्या बर्नरवर ठेवली. तवा मोठ्या आचेवर तसाच आहे. भाकरी फुगली, टोपल्यात गेली. तुम्ही परातीत पिठाचा गोळा मळून घेतला, पीठ भुरभुरले, थापायला सुरुवात केली. अगदी सरावलेल्या हातालाही या सगळ्यात एक मिनिट सहज जाते. भाकरी उचलली तेव्हा तवा २०० अंशांवर होता असे धरा. तिथून २६० पर्यंत जायला केवळ २७ किलोज्यूल लागतात, म्हणजे अर्धे ते पाऊण मिनिट पुरते. तुमची पुढची भाकरी थापून होण्याच्या आतच तवा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. दहा-बारा भाकरी म्हणजे रोज दहा-अकरा वेळा, आणि आठ महिन्यांचे गणित केले तर अडीच हजारांच्या आसपास वेळा हा थर सोसवत नाही तिथवर नेला गेला. थर निकृष्ट होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही, पण उत्तम थरही एवढे सोसला नसता.

परवा तवा गॅसवर राहिला तेव्हा तर तो थांबण्याचे कारणच नव्हते. मंद आचेवर मोकळ्या तव्याकडे येणारी आणि त्याच्याकडून हवेत जाणारी उष्णता यांचा मेळ बऱ्याच खालच्या तापमानाला बसतो, त्यामुळे तो एका जागी स्थिरावतो. मोठ्या आचेवर हा मेळ बसेपर्यंत तवा ३५० च्या पुढे जाऊ शकतो, आणि उग्र वास तिथूनच येतो.

या वासाने माणसालाही त्रास होऊ शकतो. त्याला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. १९५१ मध्ये हा पदार्थ हाताळणाऱ्या कामगारांमध्ये तो पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. वायू श्वासात गेल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, छाती भरल्यासारखी वाटते, कोरडा खोकला येतो. फ्लू समजून ते दुर्लक्षिले जाते, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरेही वाटते. परवाच्या रात्री घरात कोणाला असे झाले होते का, हे आठवून पाहा. श्वास लागत असेल, छाती दुखत असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि जाताना भांडे जळाल्याचे आवर्जून सांगा, कारण तेवढा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना ते साधे विषाणूजन्य दुखणे वाटू शकते.

असा प्रसंग पुन्हा आलाच, तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि तवा शेगडीवरच राहू देऊन तिथून बाहेर निघा. तापलेला तवा हातात धरून घरभर नेऊ नका, आणि सवयीने त्यावर पाणी तर अजिबात ओतू नका. पीटीएफई उष्णतेने ॲल्युमिनियमच्या साधारण पाचपट प्रसरण पावते. एकदम पाणी पडले की खालचा धातू आणि वरचा थर वेगवेगळ्या वेगाने आकसतात, तवा वाकतो आणि थराची धातूवरची पकड सुटू लागते. मी घरोघरी पाहिले आहे की नॉनस्टिक भांडी जेवढी स्वयंपाकात बिघडतात, जवळपास तेवढीच स्वयंपाकानंतर नळाखाली चर्र करून धरल्याने बिघडतात.

इथे एक शंका रास्त आहे आणि ती मला अनेकांनी विचारली आहे. कारखान्यात हा थर बसवताना भांडे ४०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत घालतात, मग घरी २६० ला काय बिघडते? कारखान्यात आधी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर चिकटून राहणाऱ्या राळेचा अस्तर-थर देतात, मग वरचे थर फवारतात आणि ते सगळे एकजीव व्हावे म्हणून ठरलेल्या तापमानाला केवळ काही मिनिटे भट्टीतून काढतात. निघणारा वायू बाहेर ओढून घेण्याची व्यवस्था तिथे असते, आणि भांडे संपूर्ण सारखे तापते. हे आयुष्यात एकदाच होते. घरी ते दररोज होते, मध्यभागी अधिक आणि कडेला कमी होते, आणि वरून उलथणे चालत असते. शिवाय हा सगळा थर मिळून माणसाच्या केसाच्या जाडीहून पातळ असतो. त्यातले थोडे गेले तरी मागे फार काही उरत नाही.

डागाविषयी मात्र घाईने निर्णय करू नका, कारण सोलापुरात पांढुरका डाग म्हणजे थर गेला असेच नेहमी नसते. आपल्याकडे अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरतात. भाकरीवर फिरवलेले पाणी पलटल्यावर तव्यावर आटते आणि त्यातला क्षार मागे राहतो. तो पांढरा, भुकटीसारखा दिसतो आणि त्यावर पीठही धरते. दुसरी शक्यता तेलाची. जास्त आचेवर तेलाचा पातळ पापुद्रा तव्यावर भाजून बसतो, तो पिवळसर-तपकिरी आणि बोटाला किंचित चिकट लागतो. न चिकटणारा तवा चिकटू लागण्यामागे अनेकदा हाच पापुद्रा असतो, आणि खाली थर शाबूत असतो. तिसरी शक्यता थरच जळण्याची.

तिन्हींतला फरक घरी ओळखता येतो. तवा पूर्ण थंड झाल्यावर अर्ध्या कप पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला, त्यात भिजवलेले सुती फडके डागावर १० मिनिटे ठेवा आणि मऊ स्पंजने पुसा. डाग गेला किंवा फिका झाला, तर तो क्षार होता. तसाच राहिला, तर तवा धुऊन, पाण्यात खाण्याचा सोडा कालवून केलेली पातळ पेस्ट अर्धा तास लावून ठेवा आणि पुन्हा हलक्या हाताने पुसा. यात पिवळसरपणा निघाला, तर ते तेल होते. काथ्या, तारेची घासणी किंवा राख यांपैकी काहीही वापरू नका. एवढे करून तवा उजेडात तिरपा धरा. डागाची जागा अजूनही निस्तेज, खडूसारखी दिसत असेल, बोट फिरवल्यावर आजूबाजूच्या भागापेक्षा खरखरीत लागत असेल, त्यावर बारीक फोड किंवा भेगा असतील, किंवा खालचा चांदीसारखा धातू चमकत असेल, तर थर गेला आणि तो घरी परत बसवता येत नाही. मधोमध पडलेला डाग, धिरडे चिकटणे आणि परवाचा वास हे तिन्ही एकत्र पाहता मला ही शेवटची शक्यता अधिक वाटते, पण व्हिनेगर आणि सोड्याची पारख करून मगच ठरवा.

आतापर्यंत थराचे काही कण भाकरीबरोबर पोटात गेले असतील, तर त्याची धास्ती घेऊ नका. घट्ट पीटीएफई पचत नाही, कशाशी संयोग पावत नाही आणि गेले तसेच बाहेर पडते. कर्करोगाच्या बातम्यांत ज्याचे नाव येते ते पीएफओए हे वेगळे रसायन आहे. पूर्वी पीटीएफई बनवताना ते मदतीला वापरत असत, आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली त्याच्यावर जागतिक निर्बंध आले. तुमच्या घरात काळजी करायची ती कणांची नव्हे, तापलेल्या तव्यातून निघणाऱ्या वायूची.

यापुढे भाकरीसाठी नॉनस्टिक नको, एवढे माझे स्पष्ट मत आहे. मंद आचेवर भाकरी होते, पण ती फुगत नाही, वातड होते, आणि मग हात आपोआप नॉबकडे जातो. भाकरीला चांगला तापलेला तवा हवा असतो आणि नॉनस्टिकला तेच सोसत नाही, या दोन गरजा एकत्र नांदत नाहीत. आपल्या आयाआज्यांचा लोखंडी किंवा बिडाचा तवा दोन भाकरींच्या मध्ये कितीही तापला तरी त्यात जळण्यासारखा थर नसतो, आणि जाड असल्यामुळे थंड पीठ पडले तरी तो लगेच उतरत नाही. कडक भाकरी करायची असेल, तर मंद आचेवर बराच वेळ वाळवत ठेवायलाही तोच बरा. शेंगाचटणीसाठी दाणे भाजतानाही तेच करा. दाण्यांत पाणी अगदी थोडे असते, त्यामुळे ते भाकरीसारखे तव्याला आवरून धरत नाहीत, आणि कोरडे भाजणे हे मोकळा तवा तापवण्याच्या फार जवळचे आहे. लोखंडी कढई, मध्यम आच आणि सतत हलवणे हे दाण्यांनाही मानवते.

नॉनस्टिक ज्यासाठी खरोखर उपयोगी आहे, ते म्हणजे धिरडी, आंबोळी, डोसे, ऑम्लेट, पनीर, उरलेला भात परतणे. हे पदार्थ १५० ते २०० अंशांत व्यवस्थित होतात, त्यामुळे मर्यादेपर्यंत बरेच अंतर राहते. नवा तवा घेतलात, तर आधी तवा तापवून मग तेल टाकण्याची सवय तेवढी उलटी करा. थंड तव्यावर अर्धा चमचा तेल पुसून घ्या, मध्यम आचेवर ठेवा आणि तेल पातळ होऊन चकाकू लागले की पीठ पसरा. तेलाचा इथे दुसरा उपयोग इशाऱ्याचा आहे. घाण्याचे शेंगतेल साधारण १६० अंशांनाच धुरू लागते, म्हणून ते धुरले तर आच कमी करायला अजून भरपूर अवकाश असतो. रिफाइंड शेंगतेल २३० च्या आसपास धुरते, म्हणजे त्याचा धूर दिसला तर गॅस तिथल्या तिथे बंद करावा. रिफाइंड करडईचे तेल त्याहूनही उशिरा, मर्यादेच्या आसपास पोहोचल्यावर धुरते, म्हणून पारखीसाठी ते घेऊ नये. लोखंडी तव्यावर आपण पाण्याचा थेंब उडवून अंदाज घेतो, तो मात्र इथे फसवा आहे. नॉनस्टिकवर थेंब मुळातच गोळा होऊन पळतो, त्यामुळे तवा किती तापला आहे, हे त्याच्या नाचण्यावरून नीट कळत नाही.

दोन धिरड्यांच्या मध्ये पीठ ढवळायचे असेल, मिरची चिरायची असेल, दाराची बेल वाजली असेल, तर प्रत्येक वेळी गॅस मंद करण्यापेक्षा तवा बर्नरवरून शेजारी सरकवून ठेवणे सोपे जाते आणि हाताला लवकर वळण लागते. लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथणे वापरा, तवा आपोआप निवल्यावर धुवा, आणि भांडी एकावर एक रचताना मध्ये जुने सुती फडके घाला. एवढे पाळले तर रोज वापरातला तवा दोन-तीन वर्षे चांगला जातो. त्यापेक्षा फार अधिक अपेक्षा ठेवू नये, कारण न तापवता, न खरवडताही हा पातळ थर हळूहळू झिजतोच. धिरडे तेल लावूनही धरू लागले आणि सोड्याने धुऊनही फरक पडला नाही, की त्याची वेळ भरली असे समजावे.

तुमच्या जुन्या तव्यात थर जळाल्याचे दिसले, तर तो पापड भाजायला किंवा मसाला परतायला म्हणून मागे ठेवू नका. जळलेला थर पुढच्या वेळी आणखी लवकर तुटतो, आणि पापड भाजताना तवा पुन्हा मोकळाच असतो. खालचे ॲल्युमिनियम भंगारवाला वजनावर घेतो. देताना दांडा काढून द्या, आणि लवबर्डचा पिंजरा तवा बदलल्यानंतरही स्वयंपाकघरात परत आणू नका.